भाडेकरूच्या मेंटेनन्स बिलात अचानक २,२०० रुपये जास्त. कोणी भरायचे?

घोडबंदरची भाडेकरू: कासारवडवलीत दोन वर्षं भाड्याने राहतोय. करारात "मासिक मेंटेनन्स भाडेकरू भरेल" एवढंच लिहिलंय. आतापर्यंत ३,४०० भरत होतो. या महिन्यात मालकांनी ५,६०० चं बिल पाठवलं. दोन ओळी नव्या आहेत: मालक स्वतः राहत नाहीत म्हणून नॉन-ऑक्युपन्सी १,००० आणि मोठी दुरुस्ती १,२००. सेक्रेटरी म्हणाले, "सभेत ठरलंय, भरावंच लागेल." खरंच भरावं लागतं का?

बी विंग खजिनदार: मी दुसऱ्या एका सोसायटीचा खजिनदार आहे, म्हणून कमिटीची बाजू सांगतो. आमच्याकडे निम्मे फ्लॅट भाड्याने आहेत. मालक सभेला येत नाहीत, गळतीची नोटीस दिली तर फोन उचलत नाहीत. दर दुसऱ्या वर्षी बिऱ्हाड बदलतं, लिफ्टचे दरवाजे ठोकले जातात. हा खर्च इथे राहणाऱ्यांनीच का सोसायचा? सभेने ठराव केला असेल तर त्याला मान द्यायला हवा.

नौपाडेकर: ठराव कसलाही असो, नॉन-ऑक्युपन्सी दहा टक्क्यांच्या वर घेताच येत नाही. तुमचे ३,४०० चे दहा टक्के ३४०. तेवढे द्या, बाकीचे देऊ नका.

निवृत्त लेखापरीक्षक: दहा टक्के बरोबर, पण ते पूर्ण बिलावर नसतात. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजेच बिनभोगवटा शुल्क, फक्त सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत घेता येतं. ताई, जुन्या ३,४०० ची फोड लिहा, मग सांगतो.

घोडबंदरची भाडेकरू: सर्व्हिस चार्जेस १,४५०, पाणी ४२०, लिफ्ट ३३०, दुरुस्ती निधी ५५०, सिंकिंग फंड २५०, पार्किंग ४००.

निवृत्त लेखापरीक्षक: म्हणजे १,४५० चे दहा टक्के, १४५ रुपये. हजार रुपये सर्वसाधारण सभेने एकमताने ठरवले तरी टिकत नाहीत, कारण ती मर्यादा सभेपेक्षा वरची आहे. खजिनदारसाहेब, तुमचा त्रास मी पन्नासएक सोसायट्यांत पाहिलाय. पण गळतीला दाद न देणाऱ्या मालकावर उपविधींप्रमाणे कारवाई करा. भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराला दंड लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता १,२००. प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंग यासाठी सभा सभासदांकडून वर्गणी काढू शकते. ती वैध असते, पण ती इमारतीच्या मालमत्तेत जाते आणि तिचा फायदा घरमालकाला मिळतो. ताई, तुमच्या करारातल्या "मासिक" शब्दात ती बसत नाही, असं माझं मत.

खारघरचा मी: आमच्याकडून तर सामान हलवायचे ५,००० घेतले, पावतीवर "डोनेशन"! तेही परत मिळतील का?

निवृत्त लेखापरीक्षक: त्याचा वेगळा धागा काढा दादा, तो विषय वेगळा आहे. पावती मात्र जपून ठेवा.

एक घरमालक: काका, तुम्ही सगळं मालकाच्या गळ्यात घालताय. माझ्या फ्लॅटवर गृहकर्जाचा हप्ता आहे आणि भाडं त्याच्या निम्मंही येत नाही. करारात "मेंटेनन्स भाडेकरू भरेल" म्हटलं की जे बिल येईल ते मेंटेनन्स. दुरुस्ती निधीचे ५५० या ताई आजवर भरतच होत्या ना? मग १,२०० वेगळे कसे?

निवृत्त लेखापरीक्षक: ही तुमची हरकत बिनतोड आहे. खरं पाहता दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड हेही मालकाचेच. पण करार करताना ते आकड्यात होते आणि ताईंनी ते मान्य करून घर घेतलं. १,२०० तेव्हा नव्हते. वाद गेलाच तर करारातलं ते एक मोघम वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येईल, हे मी नाकारत नाही.

नौपाडेकर: मग बिलच भरू नका. सोसायटी काय करणार आहे?

निवृत्त लेखापरीक्षक: असं करू नका. थकबाकी सभासदाच्या खात्यावर चढते, त्यावर उपविधींप्रमाणे व्याज लागू शकतं आणि मालक ते ताईंच्या डिपॉझिटमधून कापतील. सोसायटीच्या दृष्टीने देणेकरी मालकच असल्याने पत्रही त्यांनीच द्यायला हवं: सभेच्या इतिवृत्ताची प्रत द्या आणि नॉन-ऑक्युपन्सी १४५ करून बिल दुरुस्त करा. ऐकलं नाही, तर ठाण्याच्या उपनिबंधकांकडे तक्रारही त्यांचीच. ताईंनी ३,४०० वेळेवर भरावेत आणि उरलेल्या रकमेबद्दल मालकांना लेखी कळवावं, व्हॉट्सॲपवर कळवलं तरी चालेल.

बी विंग खजिनदार: १४५ चं मान्य. आमचंही बिल तपासतो, आम्ही सरसकट ५०० लावतोय. पण मग पाण्याचे टँकर? उन्हाळ्यात आम्ही तो खर्च महिन्याच्या बिलात टाकतो. पाणी भाडेकरूच वापरतात, ते तरी त्यांनी द्यावं.

घोडबंदरची भाडेकरू: टँकरला माझी ना नाही. पाणी मी वापरते, मी देईन. मालकांशी बोलले. हजाराबद्दल पत्र देतो म्हणाले. १,२०० मात्र तुम्हीच भरा, नाहीतर पुढचा करार करणार नाही, असं स्पष्ट सांगितलंय. मुलीची शाळा इथेच आहे.

एक घरमालक: निम्मे-निम्मे करा आणि नव्या करारात प्रत्येक ओळ कोणाची ते लिहून घ्या.

निवृत्त लेखापरीक्षक: निम्मे देणं योग्य आहे असं मी म्हणणार नाही. पण दिलेत, तर "मोठ्या दुरुस्तीपोटी" असं लिहून पावती घ्या, म्हणजे पुढच्या हप्त्याला ते मेंटेनन्स म्हणून गृहीत धरलं जाणार नाही.