मदत हवी आहे: डील मोडली तर शेअर कुठे थांबेल, हे कसं ठरवायचं?

मर्जर आर्बिट्राज, म्हणजे जाहीर झालेल्या सौद्याची किंमत आणि बाजारभाव यांतल्या फरकावर कमावणं, समजून घ्यायला मी मायक्रोसॉफ्ट–अॅक्टिव्हिजनचा सौदा घेतलाय. जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजनच्या शेअरमागे 95 डॉलर रोख देऊ असं जाहीर केलं. आधीचा भाव साधारण 65 होता. घोषणेच्या दिवशी तो 82 च्या आसपास बंद झाला, 95 वर गेलाच नाही. हे 13 डॉलर फुकटचे नाहीत, नियामकांनी सौदा अडवला तर होणारं नुकसान अंगावर घेण्याचा तो मोबदला आहे, इथवर पटलं.

आता गणित. सौदा झाला तर 13 मिळणार, मोडला आणि भाव परत 65 वर आला तर 17 जाणार. म्हणजे बाजार यशाची शक्यता 17 भागिले 30, सुमारे 57 टक्के धरतोय. (व्याज तूर्त सोडून दिलंय.)

पण हा 65 चा आकडाच मला खटकतो. त्या वर्षी टेक शेअर सपाटून पडले. मोडल्यावरचा भाव 55 धरला तर तीच शक्यता 67.5 टक्क्यांवर जाते, 75 धरला तर 35 वर येते! एप्रिल 2023 मध्ये ब्रिटनच्या सीएमए या स्पर्धा नियामकाने नकार दिला तेव्हा शेअर 77 च्या आसपास आला, 65 वर नाही. अर्थात तेव्हाही अपिलाची आशा होतीच, आणि ऑक्टोबरमध्ये सौदा पूर्णही झाला.

जाणकारांनो, हा खालचा भाव तुम्ही कसा काढता? स्पर्धक कंपन्यांच्या चढउतारावरून जुना भाव सुधारून घेता, की कमाईच्या अंदाजावरून नव्याने?