'टेबल ऑन' कुणीच लिहीत नाही, मग चूक होते कुठे?

इंग्रजीप्रेमी७७: आपली मुलं इन-ऑन-ॲटमध्ये का गडबडतात ह्याचं उत्तर साधं आहे. मराठीत वर, खाली, पर्यंत हे शब्द नामानंतर येतात, इंग्रजीत नामाआधी. क्रम उलटा म्हणून डोकं उलटं चालतं. तक्ता पाठ करून घ्या, महिन्याभरात सुटतं.

खडूफळा: हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय. बावीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलंय, मराठी माध्यम, तालुक्याचं गाव. 'द बुक इज टेबल ऑन' असं लिहिणारं एकही पोर मला भेटलेलं नाही, अगदी काठावर पास होणारंसुद्धा नाही. क्रम पोरं लवकर पकडतात हो. चुकतो तो शब्द. मराठीचा एकच शब्द इंग्रजीत गेला की त्याला दोन-तीन फाटे फुटतात आणि ते कुठे फुटतात हे आपण त्यांना सांगतच नाही.

'पर्यंत' घ्या. 'शुक्रवारपर्यंत थांब' आणि 'शुक्रवारपर्यंत वही दे'. आपल्या कानाला दोन्हीकडचा पर्यंत सारखाच. इंग्रजीत मात्र पहिल्याला टिल आणि दुसऱ्याला बाय, कारण थांबणं शुक्रवार उजाडेस्तोवर चालूच असतं आणि वही देणं एकदाच घडतं, मग ते बुधवारी घडो नाहीतर शुक्रवारी. हे असं फळ्यावर समजावलं की पोरं माना हलवतात आणि पेपरात परत टिल लिहून येतात. मग मी मराठीतूनच परीक्षा घ्यायला लागले. 'पर्यंत' काढायचा आणि 'च्या आत' घालून वाक्य मोठ्याने म्हणायचं. 'शुक्रवारच्या आत वही दे', बरोबर वाटतं ना, मग बाय. 'शुक्रवारच्या आत थांब', कान नाही म्हणतो, मग टिल. तक्ता लागत नाही. माझ्याच शाळेच्या नोटीस बोर्डावर 'फीज शुड बी पेड टिल टेन्थ जुलै' असं वर्षानुवर्षं लागायचं आणि मुलं म्हणायची बाई तिथं तर टिल आहे, मी काय सांगणार त्यांना?

न्यूजर्सीकर: बाई, तुमच्या ह्या टिलने माझा अख्खा आठवडा खाल्ला होता. मी पुण्याहून काम करत होतो, क्लायंट इकडे अमेरिकेत. मेलमध्ये लिहिलं 'वुई विल सेंड द फाइल्स टिल फ्रायडे'. सगळ्या फाइल्स आम्ही बुधवारीच पाठवून मोकळे झालो आणि खूश होतो. सोमवारच्या कॉलला समोरचा विचारतो, उरलेल्या कुठायत? त्याने वाचलं होतं की शुक्रवार उजाडेपर्यंत फाइल्स येतच राहणार, म्हणून बुधवारच्या गठ्ठ्याला त्याने हातच लावला नाही. दोन अक्षरांचा बाय लिहिला असता तर काम गुरुवारीच सुरू झालं असतं. पण मला विचाराल तर हे कसोट्या लावून येत नाही, कानावर पडून येतं. आणि इंग्रजीवाल्यांचं तरी कुठे एकमत आहे, ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, इकडे 'ऑन द वीकेंड'. मग चूक कुणाची धरायची?

वऱ्हाडी_ठसका: आलं का परत मराठी माध्यमावर! दरवेळी पोरं चुकतात, पोरं चुकतात. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 साली पहिलीपासून केलं, तरी नावं ठेवायला आमचीच पोरं. माझ्या पुतण्याला इंटरव्ह्यूत विचारलं किती वर्षं काम करताय, त्यानं सांगितलं 'आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स', आणि समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. काम येत होतं पोराला, सगळं सांगितलं त्यानं. एका सिन्ससाठी हसायचं?

खडूफळा: दादा, मी कुणाला नावं ठेवली नाहीत, हसणारे तर मलाही नकोत. पण पुतण्याच्या वाक्यात बघा काय झालंय. 'तीन वर्षांपासून' आणि '2019 पासून', आपला पासून दोन्हीकडे एकच. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स आणि किती काळ ते सांगायचं तर फॉर. आता गंमत म्हणजे सिन्स खोडून फॉर लिहिलं की बरेच शिक्षक बरोबरची खूण करतात. 'आय ॲम वर्किंग फॉर थ्री इयर्स'. हेही चूकच आहे, कारण मराठीत आपण 'तीन वर्षांपासून करतोय' असं वर्तमानकाळात बोलतो आणि तोच काळ तिकडे उचलून नेतो. 'आय हॅव बीन वर्किंग फॉर थ्री इयर्स' झालं तेव्हा वाक्य दुरुस्त झालं. शब्द आणि क्रियापद ह्या दोन चुका जोडीनं येतात आणि आपण एकच खोडतो.

वऱ्हाडी_ठसका: बरं. हे त्याला कुणी असं सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणतो.

कुडाळकर: सगळे मराठीला दोष देतायत, उलट मराठीत हे सगळं आहे! सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ घोकलेत ना शाळेत? 'घरी' आणि 'घरात' बघा. माझे वडील दुपारी पडवीत बाकावर बसायचे. फोन आला की आई सांगायची 'आहेत, घरी आहेत', आणि मी आतून हाक मारली तर म्हणायची 'घरात नाहीत, बाहेर बसलेत'. एकाच वेळी माणूस घरी आहे आणि घरात नाही! हेच ॲट होम आणि इन द हाउस. ई आला की ॲट, त आला की इन. इतकं सोपं आहे आणि पोरं 'माय फादर इज इन होम' लिहितात.

खडूफळा: पडवीचं उदाहरण मी उद्यापासून वापरणार. पण नियम एवढा ताणू नका. सकाळी, रात्री, सोमवारी, तिन्हींना तुमचा ई आहे. इंग्रजीत 'इन द मॉर्निंग', 'ॲट नाइट', 'ऑन मंडे'. तिन्हीकडे वेगळा शब्द! आणि 'सोमवारी सकाळी' म्हटलं की दोनदा ई येतो, मग पोरं 'इन मंडे मॉर्निंग' लिहितात. तिथे वाराचं नाव जिंकतं, 'ऑन मंडे मॉर्निंग'.

कुडाळकर: वेळेला लागत नाही, मान्य. जागेला लागतो.

न्यूजर्सीकर: जागेला 'ला' पण लागतो की. मी पुण्याला राहायचो. ह्या 'ला'चं काय करणार, टू?

पेठेतली_मी: आधी मराठी नीट करा. 'पुण्याला राहतो' हे मराठीच नाही. पुण्याला जातात, पुण्यात राहतात.

वऱ्हाडी_ठसका: घ्या, आता मराठीचाही पेपर तपासणार! आमच्याकडे सगळे 'नागपूरले राहतो' म्हणतात. चार पिढ्या चुकल्या का?

पेठेतली_मी: चुकल्या असं म्हटलेलं नाही, प्रमाण नाही एवढंच म्हटलं.

वऱ्हाडी_ठसका: प्रमाण कोण ठरवतं, तुमची पेठ?

कुडाळकर: प्रमाण-बिमाण राहू द्या. माझी बहीण लग्न होऊन पुण्यात आली. गावाकडे कुणी विचारलं की आम्ही सांगतो 'ती पुण्याला असते'. ती स्वतः फोनवर म्हणते 'इकडे पुण्यात पाऊस आहे'. 'इकडे पुण्याला पाऊस आहे' ती कधी म्हणणार नाही. लांबून बघताना ला, आत बसून बोलताना त. दोन्ही मराठीच आहेत.

पेठेतली_मी: 'इकडे पुण्याला' खरंच कानाला बरं लागत नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी लिहिताना मी 'पुण्यात राहतो'च लिहीन.

खडूफळा: भांडण झालं ते बरंच झालं, कारण ह्यात इंग्रजीचं कामाचं काहीतरी निघालंय. 'गाडी पुण्याला थांबते', इथे पुणे म्हणजे रुळावरचा एक ठिपका, म्हणून 'द ट्रेन स्टॉप्स ॲट पुणे'. 'मी पुण्यात घर घेतलं', इथे पुणे म्हणजे पसरलेलं शहर, म्हणून 'इन पुणे'. त्याच गावाचा ठिपका केला की ॲट. पण 'ती पुण्याला असते' ह्याचं इंग्रजी 'शी लिव्ह्ज इन पुणे'च होतं, तिथे लांबून बघून भागत नाही. म्हणजे ला दिसला की ॲट असाही नियम कुणी करू नका, नाहीतर परत तक्ता होईल.

आता ज्यांना तक्ता आवडतो त्यांनी ही वाक्यं दुरुस्त करून दाखवा. एक वाक्य मुळात बरोबर आहे.

1. आय विल वेट फॉर यू बाय सिक्स.
2. प्लीज रिटर्न माय बुक टिल मंडे.
3. वुई आर लिव्हिंग इन धिस रूम सिन्स फाइव्ह मंथ्स.
4. आय ॲम वेटिंग ऑन द बस स्टॉप.
5. देअर इज अ लिझर्ड ऑन द सीलिंग.
6. ही वेंट टू मुंबई इन संडे इव्हनिंग.

इंग्रजीप्रेमी७७: धागा माझा, तर मीच सोडवतो. 1 टिल सिक्स. 2 बाय मंडे. 3 'वुई हॅव बीन लिव्हिंग' आणि फॉर. 4 ॲट द बस स्टॉप. 5 'अंडर द सीलिंग', पाल छताच्या खाली असते. 6 ऑन संडे इव्हनिंग.

खडूफळा: सहापैकी पाच बरोबर. पाल मात्र होती तशीच बरोबर होती. इंग्रजीचा ऑन म्हणजे चिकटलेलं, मग ते वरून असो, बाजूनं असो की खालून. आपला 'वर'सुद्धा 'छतावर पाल' आणि 'भिंतीवर घड्याळ' असाच चालतो बघा. पण पंखा डोक्याला चिकटलेला नसतो तरी आपण 'डोक्यावर पंखा' म्हणतो, तिथे तोच 'वर' ओव्हर किंवा अबव्ह होतो. चिकटलंय का हे विचारायचं, वर आहे का हे विचारायचं नाही.

इंग्रजीप्रेमी७७: पालीचं मानलं. क्रमाचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही, लांब वाक्य बोलताना मला स्वतःला आधी 'टेबल' आठवतं आणि मग 'ऑन', त्यात अडखळायला होतं. लिहिताना होत नाही, बोलताना होतं.

खडूफळा: बोलण्याचं मी तपासलेलं नाही, मी पेपर तपासले. तुम्हाला होत असेल तर होत असेल.

न्यूजर्सीकर: बाई, तुमची 'च्या आत'वाली कसोटी आज बायकोच्या तीन मेलवर लावून बघितली, तिन्हीत चालली. मग 'सोमवारपर्यंत पैसे आले नाहीत' घेतलं आणि अडकलो. 'सोमवारच्या आत आले नाहीत' पण जमतं आणि 'सोमवार उजाडेस्तोवर आले नाहीत, मग आले' असाही अर्थ निघतो.

खडूफळा: 'नाही' असलं की माझी कसोटी लंगडी पडते, खरंय. तिथे पुढे काय झालं ते विचारावं लागतं. सोमवारी आले असं सांगायचं असेल तर 'द मनी डिडन्ट कम टिल मंडे'. नुसती मुदत चुकली, आले की नाही ते पुढचं पुढे, तर 'हॅडन्ट कम बाय मंडे'. मराठी वाक्यावरून हे कळत नाही, मला तरी अजून युक्ती सापडलेली नाही.

वऱ्हाडी_ठसका: मग रजेच्या अर्जात काय लिहायचं? मी 'टिल फिफ्टीन्थ' लिहिलं, पंधरा तारखेला घरी राहिलो आणि साहेबानं एक दिवस बिनपगारी लावला. म्हणाला पंधराला यायचं होतं.

पेठेतली_मी: आमच्या ऑफिसात 'फ्रॉम ट्वेल्फ्थ टू फिफ्टीन्थ, बोथ डेज इन्क्लुसिव्ह' लिहितात. ते लिहा, नुसता टिल पंधरा धरतो की सोडतो ह्यावर इंग्रजांचंही भांडण होईल.