एसी इन्स्पेक्शन रूममध्ये सहा फुटांचं अंतर पुरतं का? आणि ताप आला तर रजेचं काय?

गेजवाला_उद्यमबाग
बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. रूम २० बाय १५ फूट, छत १० फूट, आठ जण बसतो, स्प्लिट एसी, खिडक्या सिलिकॉन मारून कायमच्या बंद. तापाची साथ आल्यावर टेबलं सहा सहा फुटांवर केली, मध्ये अॅक्रिलिक लावलं, मास्क कंपल्सरी केला, तरी एकामागं एक पाच जण आजारी पडले. साहेब म्हणतात बाहेरूनच घेऊन आलेत. ताप आला तर घरी बसा म्हणतात पण पगार कापून, मग लोक गोळी खाऊन येऊलेत. एवढं केलं ते पुरेसं आहे का, सांगा की.

मच्छेचा_शॉपवाला
मी स्वतः छोटं युनिट चालवतो म्हणून मालकाची बाजू सांगतो. तुमच्या साहेबांनी बरंच केलंय, अर्ध्या एरियात तेवढंही नाही. एसी रूम उघडायची म्हणाल तर मेजरमेंटचं काय? मापं २० डिग्रीला धरायची असतात, खिडकी उघडली की दुपारी जॉब गरम, गेज थंड, पाच-सात मायक्रॉन इकडंतिकडं झाले की लॉट रिजेक्ट. वर बाहेरची धूळ. आणि लोक टमटममधून एकमेकाला चिकटून येतात, लग्नाला जातात, बाजारात फिरतात, रोग फक्त कंपनीतच होतो असं कसं म्हणायचं? अंतर ठेवा, मास्क लावा, हात धुवा, याउप्पर मालकानं काय करायचं?

डक्टमिस्त्री
एसी-डक्टिंगचं काम करतो, हॉस्पिटलची पण केलीत. सरळ सांगतो, स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही, आतलीच ओढतो, गार करतो आणि परत फेकतो. एक जण आजारी असेल तर त्याच्या श्वासातले बारीक कण तासन्‌तास त्याच खोलीत फिरतात, कितीही थंड वाटलं तरी हवा तीच.

सहा फुटांचा नियम मोठ्या थेंबांसाठी होता, ते जवळपासच खाली पडतात. बारीक कण पडत नाहीत, तरंगतात. जानेवारी २०२० ला चीनच्या ग्वांगझू शहरात एका हॉटेलमध्ये तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवत होती, टेबलांत मीटरभर अंतर होतं, तरी तिन्ही कुटुंबांत मिळून दहा जणांना कोविड झाला, कारण एसीचा झोत त्या तीन टेबलांवर फिरत होता आणि बाहेरची हवा जवळपास येतच नव्हती. तुमची रूम त्याच जातीची आहे. अॅक्रिलिकनं समोरची शिंक अडते, पण उंच पार्टिशन टाकली की हवा कोपऱ्यात कोंडते, हे मी साइटवर धूर सोडून बघितलंय.

आधी मोजा. सीओटू मीटर घ्या, माणूस श्वासातून सीओटू सोडतो म्हणून खोलीत दुसऱ्याचा श्वास किती साठलाय ते त्यावरून कळतं. बाहेर ४२०-४५० पीपीएमच्या आसपास असतो, खोलीत ८०० च्या खाली राहिला तर हवा बरी. पण दोनशे-तीनशेचा मीटर घेऊ नका, त्यात सीओटूचा सेन्सर नसतो, वासावर अंदाज करतो, कूलंट नि स्पिरिटच्या वासानं आकडा उड्या मारतो. मीटरजवळ सॅनिटायझर धरा, आकडा भस्सकन वर गेला तर नकली समजा. अस्सल असेल तर बाहेर उघड्यावर नेल्यावर ४२० च्या आसपास येऊन थांबतो. माझ्याकडं एक आहे, ये आणि घेऊन जा.

मास्कवाला_टिळकवाडी
एवढा खर्च कशाला? एन ९५ सगळ्यांना द्या, विषय संपला. ९५ टक्के कण अडतात, नावातच आहे. आम्ही कोविडमध्ये बँकेत तेच केलं, काही झालं नाही.

डक्टमिस्त्री
@मास्कवाला, अर्धं बरोबर आहे तुमचं. कापड ९५ टक्के अडवतं, पण कडेनं हवा गेली तर कापडाचा काय उपयोग. कानाला अडकवायचा दोरीवाला बहुतेकांच्या गालाला बसत नाही, डोक्यामागं दोन पट्टे असलेला बसतो. जोरात फुंकून बघा, नाकाजवळ किंवा गालाजवळ वारा लागला, चष्म्यावर वाफ आली, तर गळती आहे. दाढी असेल तर सील होतच नाही. आणि व्हॉल्व्हवाला नको, तो आत येणारी हवा गाळतो, बाहेर सोडलेली बरीचशी व्हॉल्व्हमधून न गाळता जाते, आजारी माणसानं घातला तर दुसऱ्यांना फायदा कमी. परत जेवायला, चहाला मास्क काढतोच की आपण, तेही एकत्र बसून.

वडगावची_मागवाली
माझं वेगळं आहे पण विचारते. आमचा घरातच माग आहे, चार पॉवरलूम, आम्ही दोघं आणि दोन कामगार. खिडकी उघडली की वाऱ्यानं ताणा सुकतो, धागे तुटतात, म्हणून बंदच ठेवतो. सासूबाईंना दमा आहे, त्या आतल्याच खोलीत. मालक आम्हीच, कामगार पण आम्हीच, रजा कोण देणार? आणि मागाच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं, त्यानं वाढतं का?

डक्टमिस्त्री
@मागवाली अक्का, हो, वाढतं. मोठ्यानं बोललं की गप्प बसण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. कामगाराला खोकला असेल त्या दिवशी हातवाऱ्यानं सांगा, ओरडू नका. खिडकी पूर्ण उघडायला नको, ताण्यापासून लांबच्या भिंतीला वर एक एक्झॉस्ट बसवा आणि हवा आत यायला दुसऱ्या टोकाला खालनं फट ठेवा, झोत धाग्यावर येणार नाही. दमट राहायला पाणी शिंपडता ते चालू राहू दे. सासूबाईंची खोली मागच्या दाराकडं ठेवता आली तर बघा, आणि एक्झॉस्टचं तोंड त्या बाजूला करू नका.

मच्छेचा_शॉपवाला
डक्टमिस्त्री, माहिती भारी आहे पण माझा मुद्दा तसाच राहिला. एक्झॉस्ट लावला तर २० डिग्री कोण सांभाळणार? आणि रजेचं सांगा. दोन दिवस पगारी दिली की चंदगड-खानापूरकडची पोरं रोपलावणीला, काजूला जातील आणि ताप होता म्हणतील. शिवाय माणूस तापायच्या आधीच पसरवतो म्हणतात, मग घरी बसवून काय उपयोग?

डक्टमिस्त्री
तापमानाचं तुमचं म्हणणं खरं आहे, नाही म्हणत नाही. म्हणून दोन भाग करा. बारीक मापाची सीएमएम आणि मास्टर गेज एका छोट्या बंद केबिनमध्ये, तिथं एका वेळी एकच माणूस. बाकीचं व्हर्निअर, प्लग गेज, व्हिज्युअल हे सगळं बाहेरच्या भागात, तिथं २४-२५ झालं तरी चालतं. केबिनमध्ये हेपा फिल्टरचा प्युरिफायर ठेवा, तो बाहेरची हवा आणत नाही, म्हणून सीओटू मीटर तसाच चढलेला दिसेल, पण कण गाळतो. मीटर बघून 'प्युरिफायर काम करत नाही' असं समजू नका, ही चूक खूप जण करतात.

मोठ्या भागात बारा इंची एक्झॉस्ट पुरेल, पण हवा आत यायला समोरच्या टोकाला जागा हवी. दार बंद ठेवून नुसता फॅन लावला तर तो गुदमरतो, आवाज करतो पण हवा काढत नाही. दाराच्या फटीला टिश्यूचा तुकडा धरा, आत ओढला गेला पाहिजे. आणि फॅनशेजारचीच खिडकी उघडली तर हवा तिथूनच आत येऊन तिथूनच जाते, खोलीत फिरतच नाही.

खानापूरचा_फिटर
रजेवर मी बोलतो, मालक रागावू नका. २१ हजारापर्यंत पगार असणाऱ्याचा ईएसआय कापला जातो ना, त्यात आजारपणात ७० टक्के पगार मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण पहिले दोन दिवस मिळत नाहीत. आणि फ्लूमध्ये माणूस सगळ्यात जास्त पसरवतो तो आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत! म्हणजे ज्या दिवशी घरी बसणं सगळ्यात गरजेचं, त्याच दिवशी खिशाला कात्री. ६०० रुपये हजेरीवाला दोन दिवसांचे १२०० सोडून घरी बसेल का, घरात भाड्याचा हप्ता तोंडावर असताना? त्याला दोष देऊन काय मिळणार. ते दोन दिवस मालकानं भरले तर एका माणसाचे १२०० जातील, न भरता पाच माणसं आडवी पडली तर लॉट उशिरा जाईल, त्यात किती जातात हे मालकांनीच काढावं. ठेकेदाराच्या माणसांचं तर आणखी वाईट, त्यातल्या कितीकांचं ईएसआय कार्डच निघालेलं नसतं.

आणि तापायच्या आधी पसरतं म्हणून रजा नको, हे मला पटत नाही. आधीचा एक दिवस आपल्या हातात नाही, तो हवेनं आणि मास्कनं सांभाळायचा, नंतरचे दिवस आपल्या हातात आहेत.

मच्छेचा_शॉपवाला
गैरफायदा घेणाऱ्याचं काय?

खानापूरचा_फिटर
दर वेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू नका, तापानं फणफणलेला माणूस दवाखान्याच्या लाईनीत दोन तास बसला तर तिथं आणखी दहा जणांना देईल. दोन दिवसांपर्यंत सुपरवायझरला फोन पुरे, त्यापुढं सर्टिफिकेट. पाच-सहा जणांनी खोटं सांगितलं तर कळतं की, शॉपमध्ये कोण कसा आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

कोगनोळीचा_पाव्हणा
गेटवरच टेस्ट करा ना. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर निगेटिव्ह दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून कर्नाटकात सोडत नव्हते, तसंच.

डक्टमिस्त्री
७२ तास जुनी निगेटिव्ह घेऊन आलेल्याला मधल्या काळात लागण झालेली असू शकते, आणि रोज कोण काढणार? थर्मामीटर गन तर त्याहून कच्ची, पॅरासिटामॉल घेतला की ताप उतरतो, माणूस आत.

गेजवाला_उद्यमबाग
मीटर आणून बसवला. सकाळी नऊला ४८०. साडेअकराला १७५०. जेवणाच्या सुट्टीत रूम पूर्ण रिकामी होती, अर्ध्या तासानं परत आलो तरी ११५० होता, सकाळच्या ४८० पर्यंत खाली आलाच नव्हता. म्हणजे आपण जेवायला गेलो तरी सकाळचा श्वास तिथंच, हे बघून साहेबसुद्धा गप्प झाले. मग स्टोअरमधला जुना एक्झॉस्ट एका खिडकीत बसवला, समोरचं दार सहा इंच उघडं ठेवलं, टिश्यू आत ओढला जातोय. दुपारी ८०० च्या आसपास राहतोय, एसी थोडा जास्त पळतोय, तेवढंच. अॅक्रिलिक काढायला सांगितलंय, अजून काढलं नाही. रजेवर साहेब म्हणाले बघू, हेड ऑफिसला विचारतो.

मच्छेचा_शॉपवाला
१७५० चा फोटो बघितला. मी पण एक मीटर मागवतो, आमच्या कॅन्टीनमध्ये लावतो, तिथं चाळीस जण एकदम बसतात, जेवणाची वेळ दोन शिफ्टमध्ये करणं सोपं आहे. पगारी रजेवर माझं मत अजून बदललं नाही, आमच्या मार्जिनमध्ये बसत नाही. पण ठेकेदाराच्या माणसांची ईएसआय कार्डं बघतो म्हणालो तर बघतो.

खानापूरचा_फिटर
कार्डं बघताना कपातीच्या पावतीवर नंबर आहे का तेही बघा मालक, नुसती कपात होते आणि पुढं भरलीच जात नाही असंही आमच्याकडं झालंय.