पायरीवरच्या हिरोजीला 'मी' म्हणून बोलवावं का?

गडवाट : रायगडावर वीस मिनिटांचा माहितीपट करतोय. जगदीश्वराच्या पायरीवर ४० सेकंदांचा शॉट आहे. दिग्दर्शक म्हणतो, "मी हिरोजी..." असं निवेदन लिही, नाहीतर नुसती सनावळी होईल. मला पटत नाही. तुमचं काय मत?

शाहिरीबाणा : दिग्दर्शकाचं बरोबर आहे. लोकांना सन नको, माणूस हवा. आणि इथे पुरावा दगडातच कोरलाय की! घरदार विकून गड बांधला, बक्षीस म्हणून फक्त पायरीवर नाव मागितलं, हे त्याच्याच तोंडून येऊ द्या.

दफ्तरी : दगडात नाव आहे, मागणं नाही. पायरीवर एवढंच आहे : 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर' (आडनाव काही जण इंदुलकर वाचतात). देवळाच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे, शके १५९६चा. त्यात विहिरी, तळी, बागा, हत्तीशाळा, राजवाडा अशी हिरोजीच्या कामांची यादी येते. घर विकल्याचं दोन्हींत नाही. 'मी घर विकलं' म्हटलंत की ऐकीव गोष्ट थेट साक्ष होऊन बसते.

माणूस हवाय ना? तो या दोन लेखांच्या फरकातच सापडतो. असं काहीतरी लिहा :

"भिंतीवर संस्कृतात यादी आहे, हिरोजीने काय काय बांधलं त्याची. इथे पायरीवर, मराठीत, फक्त सेवा. लोक सांगतात, काम पुरं करायला त्याने घरदार विकलं, आणि महाराजांकडे मागितली ती ही एक ओळ."

बूथवाला : मजकूर बरोबर मापाचा आहे. मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द जातं. म्हणजे ४० सेकंदांत पंचाहत्तर मावतात, पण तेवढे भरले की धाप लागल्यासारखं ऐकू येतं. पहिले आठ सेकंद नुसता वारा ठेवा. प्रेक्षक अक्षरं वाचत असतो, तेव्हाच बोललात तर धड वाचणंही नाही, ऐकणंही नाही. शक पडद्यावर द्या, तोंडी नको. आणि 'लोक सांगतात'च्या आधी श्वास घ्या, नाहीतर ते दोन शब्द वाक्यात विरघळतात आणि कथा इतिहास म्हणून खपते.

वसईकर : आमचं काम वसईच्या किल्ल्यावर चाललंय. चर्चमध्ये पोर्तुगीज थडग्यांचे दगड आहेत, नावं आहेत, कथा एकही नाही. तिथे कोणाला बोलवायचं? आणि ड्रोनची परवानगी कुठून काढायची?

दफ्तरी : ड्रोनचा धागा वेगळा काढा. कथा नसेल तर रचू नका. नाव वाचा आणि थांबा.

शाहिरीबाणा : 'लोक सांगतात' म्हटलं की गोष्टीतला जीवच जातो. त्यापेक्षा तेवढा भाग गडावर ताक विकणाऱ्या मावशींकडून सांगवा. त्या ठासून सांगतील, निवेदकाला हात झटकावे लागणार नाहीत.

दफ्तरी : हे चालेल. फक्त खाली 'लोककथा' अशी पट्टी हवी.

शाहिरीबाणा : पट्टी कशाला? मावशी बोलतायत हे दिसतंय की!

गडवाट : मावशींचं नक्की. पट्टीवर दिग्दर्शकाशी भांडण होणार. आणि निवेदकाने आडनाव कोणतं उच्चारायचं?

बूथवाला : नुसतं 'हिरोजी' म्हणा. आडनाव दगडावर दिसतंच आहे, ज्याला जसं लागेल तसं वाचेल.