मदत हवी आहे: टाकी साफ केली, फिल्टर आणि कॉक नवे टाकले, तरी गाडी 3 किलोमीटरवर बंद पडते

धूळवाट
सहा वर्षं उभी असलेली मोटारसायकल बाहेर काढली आहे. 150 सीसी, फोर स्ट्रोक, कार्बोरेटरवाली. टाकी आतून गंजली होती, ती साफ करून घेतली. पेट्रोलचा कॉक नवा, फिल्टर नवा, नळी नवी. कार्बोरेटर खोलून जेट साफ केले, प्लग नवा. गाडी दोन किकमध्ये चालू होते, झकास पळते आणि साधारण 3 किलोमीटर गेलं की गचके खाऊन बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की परत चालू, मग जेमतेम अर्धा किलोमीटर. दोन रविवार यात गेले. पुढच्या आठवड्यात गाडी वापरायचीच आहे. काय करू?

पाना_बारा
टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यायला हवी. ती आली नाही की आत ओढ तयार होते आणि पेट्रोल थांबतं. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, फुस्स आवाज येईल. माझ्या गाडीला अगदी हेच झालं होतं. एक टाचणी घेतली, दोन मिनिटांत काम झालं.

धूळवाट
करून पाहिलंय. झाकण उघडं ठेवून चालवली, तरी तिथेच बंद पडली.

अनघा_र
टाकीवरचा गंज नुसता घासून काढू नका, आधी प्रायमर मारा. मी माझ्या टाकीला प्रायमरचे दोन हात दिले, वर रंग आणि लॅकर. चार वर्षं झाली, एक ठिपका नाही.

धूळवाट
ताई, गंज आतून आहे. बाहेरचा रंग ठीक आहे.

जुनी_किल्ली
धूळवाट, घाई आहे हे कळतंय, पण मूळ गोष्टीच सांगितल्या नाहीत. टाकी कशाने साफ केली? नंतर कशी वाळवली? कॉकला नळ्या किती, एक की दोन? जुन्या कॉकवर जाळी होती का आणि नव्यावर आहे का? टाकीत आत्ता पेट्रोल किती आहे?

सायंफेरी
माझी पैज व्हॅक्यूम कॉकवर. त्यातला पडदा फाटला की असंच होतं. कॉक बदला.

धूळवाट
@सायंफेरी, कॉक नवाच आहे हो!
@जुनी_किल्ली काका, टाकी एका ओळखीच्याने करून दिली. संडास साफ करायचं ॲसिड टाकून तासभर हलवली, पाण्याने धुतली, दिवसभर उन्हात ठेवली. आत टॉर्च मारला तेव्हा चकचकीत दिसली. कॉकला एकच नळी आहे. जुन्याची जाळी फाटली होती, नव्याला जाळीच नाही, पण फिल्टर लावलाय म्हणून चालेल असं वाटलं. पेट्रोल एक लिटर टाकलंय, चाचणीपुरतं.

जुनी_किल्ली
एकच नळी म्हणजे साधा कॉक, त्यामुळे व्हॅक्यूमचा विषय संपला. एक लिटर म्हणजे तुम्ही रिझर्व्हवर चालवताय, बरोबर?

धूळवाट
हो. ऑनवर पेट्रोल येतच नाही.

जुनी_किल्ली
मग बरंचसं उलगडलं. कॉकमध्ये टाकीच्या आत एक उभी नळी असते. ऑनवर पेट्रोल त्या नळीच्या टोकातून येतं, म्हणजे तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वरून. रिझर्व्हचं भोक जवळपास तळाला असतं. टाकीतला सगळा गाळ तळाला बसतो आणि तुम्ही बरोब्बर तिथूनच ओढताय, तेही जाळीशिवाय.

गाळ कुठून आला म्हणाल, तर त्या ॲसिडमुळे. ते गंज झटपट खातं, पण मागे राहतं ते उघडं, भुकेलं लोखंड आणि क्षाराचा अंश. नुसत्या पाण्याने तो पूर्ण निघत नाही. त्यात टाकीचे कोपरे आणि मधल्या बोगद्याच्या कडा उन्हात वाळत नाहीत, आत वाफ कोंडून राहते. काही तासांत नारिंगी पावडर धरते. हा नवा गंज जुन्या पोपड्यांपेक्षा फार बारीक असतो, म्हणून फिल्टर लवकर गच्च होतो.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. इंजिन गार असताना, उघड्यावर, आसपास आग किंवा ठिणगी नाही अशा जागी कार्बोरेटरकडची नळी काढा आणि खुणा असलेल्या बाटलीत सोडा. तीन मिनिटं वाहू द्या, प्रत्येक मिनिटाला किती आलं ते लिहा. मग फिल्टर काढून थेट कॉकमधून तसंच करा.

लोहचुंबक
एवढा उपद्व्याप कशाला? फिल्टर बदला आणि पुढे चला. किरकोळ वस्तू आहे.

जुनी_किल्ली
नवा फिल्टरही तेवढ्याच वेळात भरेल. फिल्टर आपलं काम करतोय, दोष टाकीचा आहे.

धूळवाट
मोजलं. फिल्टरसकट पहिल्या मिनिटाला 150 मिली, दुसऱ्याला 60, तिसऱ्याला 20 पेक्षा कमी, नंतर थेंब थेंब. थेट कॉकमधून एका मिनिटात 400 मिली, आणि बाटलीच्या तळाला विटकरी गाळ बसला. फिल्टर कापून पाहिला. आतला कागद चहाच्या चोथ्यासारखा झालाय.

पण दहा मिनिटांनी गाडी परत का चालू होते, हे अजून कळलं नाही.

जुनी_किल्ली
थेंब थेंब का होईना, येतंच आहे ना. तुम्ही थांबता तेवढ्यात कार्बोरेटरचा बाउल पुन्हा भरतो. तेवढ्यावर अर्धा किलोमीटर जाता. 60च्या वेगाने जाताना लिटरला 45 किलोमीटर धरा, तर गाडीला मिनिटाला साधारण 22 मिली पेट्रोल लागतं, चढावर किंवा जोरात पळवताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. तुमचं तिसरं मिनिट 20च्या खाली आहे. 3 किलोमीटरला तीनच मिनिटं लागतात. हिशेब जुळतो.

आणखी एक, कागदाचा फिल्टर इथे नकोच. त्यातले बरेचसे पंप असलेल्या गाड्यांसाठी असतात. इथे पेट्रोल नुसत्या उतारावर येतं, दाब जवळपास नाहीच. बारीक जाळीचा, अशा गाडीसाठीचाच घ्या. बाणाची दिशा कार्बोरेटरकडे, आणि नळीला कुठेही वर चढू देऊ नका, तिथे हवेचा बुडबुडा अडकतो.

लोहचुंबक
टाकी परत करायचीच असेल तर विजेने करा. धुण्याचा सोडा पाण्यात, चार्जरची ऋण बाजू टाकीला, धन बाजू आत सोडलेल्या सळीला. सळी टाकीला टेकू द्यायची नाही, एवढंच सांभाळायचं. मी स्टीलचा जुना चमचा वापरला. ॲसिडपेक्षा कितीतरी सौम्य, चांगलं लोखंड खात नाही.

जुनी_किल्ली
पद्धत चांगली आहे, हे मान्य. पण चमचा नको! स्टेनलेसमधला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो. ते पाणी हाताला लागू नये आणि गटारातही जाऊ नये. साधी लोखंडी सळी घ्या. शिवाय हायड्रोजन सुटतो, तेव्हा बंद खोलीत करायचं नाही.

लोहचुंबक
मी तीन टाक्या केल्या, काही झालं नाही.

जुनी_किल्ली
त्या पाण्याचं काय झालं, ते तुम्हाला दिसणार नव्हतंच. चमचा वापरू नका, हे मी पुन्हा सांगतो. वाद नको, पण वाचणारा उद्या तसंच करेल.

धूळवाट, तुमच्याकडे चार्जर नसेल तर सायट्रिक ॲसिड. कॉक, झाकण, पेट्रोलचा काटा असेल तर तोही काढा. कॉक ॲसिडात राहिला तर खराब होतो. कॉकच्या तोंडाला रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा. आधी भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवा, कारण जुन्या पेट्रोलचा चिकट थर राहिला तर ॲसिड खाली पोचतच नाही. मग लिटरला 60 ग्रॅम हिशेबाने गरम पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरलीत तर वरचा अर्धा भाग तसाच राहील. रंगावर सांडू देऊ नका. रात्रभर ठेवा, सकाळी टॉर्च मारा. राखाडी लोखंड दिसलं की ओता. चार दिवस विसरलात तर ते चांगला पत्राही खायला लागेल.

ओतल्यावर खायच्या सोड्याचं पाणी फिरवा, दोनदा स्वच्छ पाणी, आणि लगेच गरम हवा. इथेच सगळे चुकतात. केस वाळवायचं यंत्र लावा, टाकी उलटसुलट करत राहा, हाताला सगळीकडे गरम लागेपर्यंत. आत पेट्रोलचा वास अजिबात नाही ना, हे आधी पाहा, नाहीतर जीवघेणं होईल. वाळली की लगेच थोड्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल मिसळून आतून सगळीकडे फिरवा.

सायंफेरी
त्यापेक्षा आतून इपॉक्सीचा थर द्या. एकदाच करायचं, कायमचा प्रश्न मिटला.

पाना_बारा
मिटला कसला! माझ्या भावाच्या गाडीत तो थर दोन वर्षांनी सोलला. नखाएवढे तुकडे कॉकमध्ये. गंजापेक्षा वाईट.

सायंफेरी
खाली गंज किंवा तेल राहिलं असेल. नीट केलं तर टिकतं.

पाना_बारा
टाकीच्या आत ते नीट झालं हे पाहणार कोण?

घाटमाथा
जरा वेगळं विचारतो, माझ्या स्कूटरचं मायलेज अचानक कमी झालंय, फिल्टरमुळे असेल का?

धूळवाट
आठ दिवसांनी लिहितोय. 12 लिटरच्या टाकीत 700 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, 16 तास. ओतलेलं पाणी हिरवट-पिवळं निघालं. आधी साबणाने धुतलं तेव्हा काळा चिकट थर सुटला, तो मागच्या वेळी कुणी काढलाच नव्हता. वाळवायला दीड तास लागला, हात भरून आले. जाळी असलेला दुसरा कॉक घेतला. बसवल्यावर बोल्टच्या आट्यांतून पेट्रोल झिरपत होतं. दोन्ही बोल्टना फायबरचे नवे वायसर टाकल्यावर थांबलं.

जाळीच्या फिल्टरमधून आता मिनिटाला 320 मिली येतं, पाचव्या मिनिटालाही तेवढंच. टाकीत 5 लिटर, कॉक ऑनवर. काल 35 किलोमीटर न थांबता आलो. काका, मनापासून आभार.

पण आज सकाळी टाकीच्या खालच्या जोडाजवळ नाण्याएवढा ओला डाग दिसला. पुसला, तासाभरात परत आला. पेट्रोलचाच वास आहे.

जुनी_किल्ली
गाडी चालवू नका. टाकी आजच रिकामी करा. गंजाने पत्रा आधीच आरपार खाल्ला होता, गंजच ते भोक बुजवून बसला होता, तो आता निघाला. आणि घरच्या घरी वेल्डिंगचा विचारही करू नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. डागाचा फोटो टाका, जोडावर आहे की सपाट पत्र्यावर, ते पाहू.

सायंफेरी
म्हणूनच थर द्या म्हणालो होतो.

पाना_बारा
सुईएवढ्या भोकावर थर टिकेल, पण पत्राच कागदासारखा झाला असेल तर शेजारी दुसरं पडेल. मी असतो तर चांगली जुनी टाकी शोधली असती.

धूळवाट
टाकी रिकामी केली. अंधार पडला, फोटो उद्या उजेडात काढतो.