अनुभव धागा: भरता भरता हातून गेलेला अर्ज

धागाकर्ता, उदगीर
मुलीचा प्रवेशअर्ज भरताना शैक्षणिक तपशिलाच्या पानावर आम्ही अडलो, कारण दहावीची गुणपत्रिका पेटीतून शोधून काढण्यात वीसेक मिनिटे गेली. सगळे गुण भरून ‘Save & Next’ दाबले, तर ‘Session expired’ असे आले आणि पान कोरे झाले. पुन्हा लॉगिन करू लागलो, तर जन्मतारीख जुळत नाही म्हणून आतच घेईना. आपले काय झाले, कोणत्या पानावर झाले, ते सविस्तर लिहावे.

परळीचे एक पालक
आमच्याकडेही असेच झाले. नेट मंद असले की असे होते. माऊस हलवत राहावे, म्हणजे बाहेर काढत नाही.

सेलू, ई-सेवा केंद्र
दादा, नेट तुटल्यानेही अडचण येते, पण माऊसचे हलणे बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. आपण तासभर टंकत बसलो तरी त्याच्या लेखी शेवटचे बटण दाबल्यापासून आपण गप्पच असतो. म्हणून मी गुण, टक्केवारी, बैठक क्रमांक आधी कागदावर उतरवून घेतो आणि मगच ते पान उघडतो. जतन झालेली आधीची पाने पुन्हा लॉगिन केल्यावर सहसा तशीच दिसतात.

आमच्या केंद्रात दुसराच घोळ झाला होता. गर्दीत एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये दोन मुलांचे अर्ज उघडले. दुसऱ्याचे लॉगिन होताच पहिल्याचे सत्र मोडले; पहिल्या टॅबवर नाव मात्र जुनेच दिसत होते, त्यामुळे कळले नाही. पान ताजे केले, तेव्हा तिथे दुसऱ्या मुलाचे नाव आले. तेव्हापासून दुसरा अर्ज मी वेगळ्या ब्राउझरमध्येच उघडतो.

गंगाखेडच्या एक ताई
माझे शुल्क खात्यातून गेले आणि अर्जावर मात्र ‘Pending’ दिसते. पुन्हा भरू का?

सेलू, ई-सेवा केंद्र
ताई, हा विषय वेगळा आहे, तरी लगेच पुन्हा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि आत शुल्काची स्थिती तपासण्याचे बटण आहे का, ते आधी पाहा. धागाकर्ते सर, लॉगिनची जन्मतारीख सहसा गुणपत्रिकेशी नव्हे, तर नोंदणीच्या वेळी टाकलेल्या तारखेशी ताडली जाते. नोंदणीची छापील प्रत पाहिली का?

धागाकर्ता, उदगीर
आताच पाहिली. मुलीची जन्मतारीख 7 एप्रिल आहे आणि प्रतीवर 04/07 छापले आहे. दोन्ही तारखा खऱ्या असू शकत असल्याने अर्जाने त्या वेळी हटकले नाही. नोंदणी भाच्याने मोबाइलवर केली होती. त्याला आता काही आठवत नाही. 4 जुलै टाकल्यावर लॉगिन झाले, पण आत ती तारीख राखाडी दिसते आणि बदलत नाही.

अंबडचे एक शिक्षक
आमच्या विद्यार्थ्याला दुरुस्तीच्या मुदतीत ती बदलता आली होती. अर्थात ती परीक्षा वेगळी होती. आपल्या माहितीपत्रकात बदलता येणाऱ्या रकान्यांची यादी असेल, तीत जन्मतारीख आहे का ते पाहावे.

धागाकर्ता, उदगीर
यादी पाहिली, तीत जन्मतारीख नाही. सोमवारी मदत कक्षाला फोन लावतो.