मुलीच्या लग्नासाठी आतापासून आरडी, की वेळ आल्यावर कर्ज?

पूर्णाकाठ (जिंतूर, जि. परभणी):
मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. शिक्षण झाल्यावर, म्हणजे तीन वर्षांनी, उन्हाळ्यात लग्न करायचा विचार आहे. मी कृषी सेवा केंद्रात कामाला आहे, पगार २२ हजार. घरची पाच एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन-तूर घेतो. आमचा वाटा चार लाखांच्या आसपास जाईल. मंडळी म्हणते दहा हजारांची आरडी आत्ताच चालू करा. थोरले भाऊ म्हणतात तीन वर्षं पोट कशाला मारता, वेळेवर कर्ज काढू अन् फेडू. दोघांचंही पटतं. तुम्ही काय कराल?

औसेकर:
मी भावाच्या बाजूनं. शेतकऱ्याला महिन्याचा हप्ता जमतच नाही. आपल्याकडं पैसा दिवाळीच्या आगंमागं येतो अन् जूनमध्ये खत-बियाण्यात जातो. २०२५ च्या सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात उभं होतं, तवा कुणाचा हप्ता गेला असता? चार-सहा हप्ते थकले की दंड लागतो, मग माणूस वैतागून आरडी मोडतो अन् ते पैसे घरातच जिरतात. पगारदाराला वैयक्तिक कर्ज मिळतं. चार लाख तीन वर्षांसाठी १४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता पावणेचौदा हजारांच्या आत बसतो. लग्न झाल्यावर घरातलं एक खाणारं तोंड कमी होतं, हप्ता निघतो.

माजलगावचा थोरला:
औसेकर, मी कर्ज काढून लग्न केलंय म्हणून सांगतो. बहिणीचं स्थळ आलं अन् आठ दिवसांत सगळं ठरलं. बँकेनं कागदं मागितले, पीककर्ज थकलेलं असल्यानं जमलं नाही. मग गावातच एकाकडून दोन लाख घेतले, शेकडा तीननं. दर महिन्याला सहा हजार. तो एका छोट्या लाल वहीत लिहायचा, मी पैसे दिले की माझ्यासमोर टिकमार्क करायचा. अडीच वर्षं दिले, १ लाख ८० हजार झाले. त्या वहीतला पहिल्या पानावरचा दोन लाखांचा आकडा तसाच्या तसा. शेवटी रस्त्याकडची अर्धा एकर विकली तवा ते पान फाटलं. बहीण अजून त्या बाजूनं घरी येत नाही, तिला वाटतं तिच्यामुळं गेली.

तुम्ही १४ टक्क्यांचा हिशोब करायलात, पण कर्ज १४ टक्क्यांनंच मिळंल हे तुम्हाला आत्ता कोण लिहून देतंय?

औसेकर:
दादा, हे वाईटच झालं. पण तुमची सावकारी गोष्ट अन् पगारदाराचं बँकेचं कर्ज एक नाही.

नवखा नांदेडी:
सुकन्या समृद्धी काढा ना, व्याज आरडीपेक्षा जास्त आहे आणि लग्नासाठीच तर ती आहे. अठरा झाल्यावर पैसे मिळतात.

शाखेतली ताई:
नवखा, सुकन्या खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. यांची मुलगी कॉलेजला आहे.

पूर्णाकाठ दादा, मी २६ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी ठेवींच्या काउंटरवर. औसेकरांचं अर्धं बरोबर आहे आणि तेच आधी घेते. पिकाच्या पैशाची आरडी करूच नये. पगारातून दर महिन्याला जे नक्की निघतं, तेवढ्याचीच आरडी करावी. सोयाबीनचे पैसे आले की त्यांची त्या त्या दिवाळीला एकरकमी मुदत ठेव करावी. ज्या वर्षी पीक गेलं त्या वर्षी ठेव झाली नाही तर दंड नाही, कुणाचा तगादा नाही. दहा हजारांची एकच आरडी सोयाबीनच्या भरवशावर चालवलीत, तर पहिल्याच पावसाळ्यात ती अडकेल.

आता तुमच्यासाठी मांडते. पगारातून सहा हजार निघतील असं धरते. त्याची एक आरडी काढू नका, तीन-तीन हजारांच्या दोन काढा. पहिली ३० महिन्यांची, दुसरी ३६ महिन्यांची. कारण लग्नाचा खर्च लग्नाच्या दिवशी होत नाही. उन्हाळ्यातल्या तिथीला मंगल कार्यालय हवं असेल तर दिवाळीनंतरच बयाणा द्यावा लागतो, आचारी आणि मंडपवाला त्याच सुमारास अडकवावा लागतो. एकच आरडी छत्तीसाव्या महिन्यात पिकणार असेल, तर बयाण्याला तुम्ही हातउसने घ्याल किंवा ती मोडाल. माझ्या काउंटरवर आलेल्या लग्नाच्या आरड्या बहुतेक अशाच मोडल्या, मुदतीला पाच-सहा महिने उरलेले असताना.

साडेसहा टक्के दर धरला (शाखेत आजचा दर विचारा, तो बदलत असतो), तर ३० महिन्यांची आरडी साधारण ९८ हजार देते आणि ३६ महिन्यांची १ लाख १९ हजार. पहिली संपल्यावर तिचे तीन हजार सहा महिने हातात राहतात, ते १८ हजार. तीन दिवाळ्यांना ४५-४५ हजारांची ठेव झाली आणि प्रत्येकीची मुदत लग्नाच्या महिन्यापर्यंत ठेवली, तर तिथून दीड लाखाला थोडे कमी. सगळं मिळून पावणेचार लाखांच्या पुढे जातं.

आणि एक दिवाळी कोरडी गेली तर? तरी सव्वातीन लाखांच्या वर असाल. तेव्हा कर्ज काढावं लागलंच तर साठ-सत्तर हजारांचं काढाल, चार लाखांचं नाही. औसेकरांच्या कर्जात तीन वर्षांत व्याजाचेच ९२ हजार जातात, प्रक्रिया शुल्क वेगळं. तेवढ्यात कार्यालय आणि आचारी दोन्ही भागले असते.

पूर्णाकाठ:
ताई, पोस्टातली आरडी चालंल का? पोस्ट गावातच आहे, बँकेला जिंतूरला जावं लागतं.

शाखेतली ताई:
इथे लोक फसतात म्हणून नीट सांगते. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षांनी ती बंद करता येते, हे पोस्टातले दादा खरंच सांगतात. पण मुदतीआधी बंद केली की व्याज आरडीच्या दरानं मिळत नाही, बचत खात्याच्या दरानं मिळतं, म्हणजे ४ टक्के. पाच वर्षांनी लग्न असतं तर मीच पोस्टात जा म्हटलं असतं. तीन वर्षांसाठी बँकच.

दुसरं, तुमच्या नावावर पीककर्ज आहे का? असेल आणि थकण्याची शक्यता असेल, तर त्याच बँकेत तुमच्या नावानं आरडी काढू नका. थकबाकीपोटी बँक त्याच माणसाची ठेव वळती करून घेऊ शकते. आधी खात्याला होल्ड लागतो आणि तो कळतो कधी, तर बयाण्याचे पैसे काढायला गेल्यावर. आरडी वहिनींच्या एकटीच्या नावानं, दुसऱ्या बँकेत काढा. हप्ता पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप जाईल असं लिहून द्या, विसाव्या तारखेला पैसे उरत नाहीत.

गेवराईकर:
साडेसहा टक्क्यात काय होतंय? मल्टीस्टेटमध्ये १२ टक्के देतात, कर्मचारी रोज दुकानावर येऊन पैसे घेऊन जातो. मी तीन वर्षं ठेवतोय, व्याज वेळेवर येतंय.

माजलगावचा थोरला:
गेवराईकर, आपल्याच जिल्ह्यात राहून असं कामून म्हणता? आमच्या मावशीचे मुलीच्या लग्नाचे तीन लाख अशाच ठिकाणी होते. तिलाबी व्याज वेळेवरच येत होतं. पत्रिका छापून आल्या अन् त्याच आठवड्यात शाखेच्या शटरला कागद चिकटवलेला. मावशी पासबुक पदरात धरून तिथं पायरीवर दुपारपर्यंत बसली होती. अजून एक रुपया आला नाही.

शाखेतली ताई:
बँक बुडाली तर एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो, नागरी सहकारी बँकेतही. पतसंस्थेला आणि मल्टीस्टेट पतसंस्थेला तो नाही. लग्नाचा पैसा ठरलेल्या तारखेला लागतो, म्हणून मी तो तिथे ठेवणार नाही. गेवराईकर, तुमची मुदत संपली की काढून घ्या, नूतनीकरण करू नका.

तोळाभर (सेलू):
सगळे व्याजावर बोलताय, सोन्याचं कुणी बोलत नाही. २०२२ च्या दिवाळीला दहा ग्रॅम पन्नास हजारांच्या आसपास होतं, २०२५ च्या दिवाळीला सव्वा लाखाच्या पुढे. ज्यानं तीन वर्षं आरडी केली त्याच्या पैशात, २०२२ च्या भावानं जेवढं आलं असतं, त्याच्या निम्म्याहून कमी सोनं आलं. मंगळसूत्र आणि मुलीच्या अंगावरचं घालायचंच आहे, तर दर महिन्याला वळं नाहीतर नाणं घेत चला. आरडी हा लग्नासाठी तोट्याचाच धंदा आहे.

शाखेतली ताई:
जेवढं सोनं घालायचं आहे, तेवढ्यापुरतं तुमचं मला मान्य आहे. पण आचाऱ्याला सोनं देता येत नाही. ते विकायचं म्हटलं की घेताना भरलेला ३ टक्के जीएसटी परत येत नाही, दागिना असेल तर मजुरीही गेली. शिवाय सोनं दर तीन वर्षांनी असं पळतंच असं नाही. २०१२ ते २०१८ ते अठ्ठावीस-तीस हजारांच्या आसपासच घुटमळत होतं.

तोळाभर:
ते दिवस गेले ताई. आता थांबणारा मागेच राहतो.

शाखेतली ताई:
पुढच्या तीन वर्षांचं तुम्हीही सांगू शकत नाही, मीही नाही. म्हणूनच बस्ता, कार्यालय आणि जेवणाचा पैसा मी त्यावर लावणार नाही.

औसेकर:
ताईंची दिवाळीच्या ठेवीची गोष्ट पटली, ती आमच्याकडं कुणी सांगत नाही. पण एक राहतंच. २२ हजारांत सहा हजार काढून उरलेल्या सोळात घर चालवायचं, मुलीचं कॉलेज अन् भाड्याची खोली त्यातच. एखाद्या दुखण्याला घरात पैसा नसला तर दोन्ही आरड्या मोडतील.

शाखेतली ताई:
दोन्ही नाही मोडणार, म्हणून तर दोन केल्या. एक मोडली तर साधारण जेवढे महिने चालली तेवढ्या मुदतीचा दर आणि त्यातून एखादा टक्का कमी, असं मिळतं. दुसरी चालू राहते. दुखण्याला वीस-तीस हजार लागले तर न मोडता आरडीवरच उचल मिळते, तिचं व्याज आरडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच वर असतं. पण सहा हजार जड जात असतील तर चारापासूनच सुरू करा. पुढच्या वर्षी पगार वाढला तर वरच्या पैशाची तिसरी, कमी मुदतीची काढता येते. चालू आरडीचा हप्ता मात्र शक्यतो वाढत नाही.

पूर्णाकाठ:
सगळ्यांचं मंडळीला वाचून दाखवलं. सहा हजार जमणार नाहीत, खोलीचं भाडंच अडीच हजार आहे. अडीच-अडीचच्या दोन काढतोय, ३० अन् ३६ महिन्यांच्या, तिच्या नावानं. माझं पीककर्ज जिथं आहे ती बँक सोडून. थोरल्या भावाला म्हटलं, यंदाच्या सोयाबीनची पट्टी आली की ४५ हजार तुमच्यासमोरच ठेवीत टाकू. ते म्हणाले, आधी फवारणीची उधारी फेडा. तेही खरं आहे, ती १७ हजार आहे. म्हणजे पहिल्या दिवाळीला २८ च होतील.

सोन्याचं अजून ठरलं नाही. मंडळीला दोन तोळे म्हणायचंय, मला एकच झेपंल असं वाटतं. तोळाभर, दर महिन्याला अर्धा ग्रॅम तुम्ही कुठून अन् कसं घेता तेवढं सांगा.